पिकिंगच्या चार पद्धती आणि आमच्या गोदामातल्या बारा गल्ल्या

भिवंडीजवळच्या माणकोली नाक्यावरून वडप्याकडे जाताना दोन्ही बाजूंना पत्र्याची जी अवाढव्य शेड दिसतात, त्यांतल्याच एका गोदामात मी पिकर म्हणून, म्हणजे रॅकवरून ऑर्डरीचा माल काढायला, लागले आणि आता शिफ्ट इन्चार्ज आहे. माल घरगुती: फिनेल, पोछे, डबे, टिफिन, शाम्पू, लिपस्टिक, असलं सगळं. ऑनलाइन आलेली ऑर्डर आमच्याकडे उतरते, आम्ही नग शोधून काढतो, पॅक करतो आणि कुरिअरच्या गाडीत चढवतो. गोदाम लहान होतं तेव्हापासून एकेक ऑर्डर, बॅच, झोन आणि वेव्ह अशा चारही पद्धतींनी माल काढून झाला आहे. नवीन गोदाम उभं करणारी मंडळी हमखास विचारतात की यांतली चांगली कुठली. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून जे घडलं तेच क्रमाने सांगते.

सुरुवात एकेका ऑर्डरनेच झाली. दुसरं काही सुचण्याइतक्या ऑर्डरीच नव्हत्या. छापील पिकलिस्ट घ्यायची, गल्लीत जायचं, नग काढायचा, पॅकिंगच्या टेबलावर ठेवायचा आणि पुढची लिस्ट उचलायची. या पद्धतीला हसू नये. नवा मुलगा अर्ध्या दिवसात तयार होतो. चूक झाली तर ती एकाच ऑर्डरीत राहते, आणि कोणाच्या हातून झाली ते लिस्टवरच्या नावावरून लगेच कळतं. टेबलावर आलेला माल एकाच गिऱ्हाइकाचा असतो, त्यामुळे पॅकरला डोकं चालवावं लागत नाही. अडचण फक्त पायांची.

ती किती, हे एकदा बसून मोजलं. आमच्या बारा गल्ल्या, प्रत्येक साधारण पंचवीस मीटर लांब, आणि पॅकिंगची टेबलं एका टोकाला. एका नगाच्या ऑर्डरीसाठी जाऊन-येऊन सरासरी सत्तर-बहात्तर मीटर चालणं होतं. त्याला सव्वा मिनिटाच्या आत-बाहेर जातं. बिनसमोर, म्हणजे रॅकवरच्या त्या मालाच्या कप्प्यासमोर, उभं राहून कोड वाचणं, नग काढणं, स्कॅन करणं यात पंधरा सेकंद. लिस्ट घेणं आणि माल टेबलावर सोडणं धरून एका ऑर्डरीला दोन मिनिटं. म्हणजे दोन मिनिटांतलं निम्म्याहून जास्त नुसतं चालण्यात. ऑर्डरी दिवसाला बाराशेवर गेल्या तेव्हा हे चालणं आम्हाला परवडेनासं झालं. संध्याकाळी मुलं पाय धरून बसायची आणि कुरिअरची गाडी निम्मा माल घेऊन निघून जायची.

एकदा आमचा एक जुना पिकर चिडून म्हणाला, “ताई, एकाच फिनेलसाठी सकाळपासून त्याच गल्लीत किती वेळा जायचं? एकदाच क्रेट भरून आणतो ना!” बॅच पिकिंगचा, म्हणजे अनेक ऑर्डरींचा माल एकाच फेरीत काढण्याचा, सगळा मुद्दा त्याच्या या वाक्यात आला.

बॅच लावण्याआधी मात्र एक काम केलं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा त्याचाच झाला. दिवसाच्या ऑर्डरी दोन ढिगांत वेगळ्या काढल्या: एकाच नगाच्या एकीकडे, अनेक नगांच्या दुसरीकडे. आमच्याकडे दहातल्या सात ऑर्डरी एका नगाच्या निघाल्या. बाराशेतल्या आठशे चाळीस. उरलेल्या तीनशे साठ ऑर्डरींत सरासरी तीन-तीन नग. हे दोन ढीग म्हणजे दोन निराळे धंदेच आहेत. त्यांना एकाच पद्धतीने हाकणारं गोदाम मी पाहिलं की मला तिथल्या मुलांची कीव येते.

एका नगाच्या ऑर्डरींची चाळीसची बॅच केली. हातातली स्कॅनरची गन गल्ल्यांच्या क्रमाने बिन दाखवत जाते: पहिल्या गल्लीतून आत, दुसरीतून बाहेर, असं नागमोडी. संपूर्ण फेरी चारशे मीटरच्या आतली, म्हणजे ट्रॉली ढकलत साडेसहा मिनिटं. चाळीस नगांचे पंधरा-पंधरा सेकंद धरले तर दहा मिनिटं. सुरुवात-शेवटाची दोन. साडेअठरा मिनिटांत चाळीस ऑर्डरी, म्हणजे एका ऑर्डरीला अठ्ठावीस सेकंद. दोन मिनिटांवरून अठ्ठावीस सेकंद! आठशे चाळीस ऑर्डरींना आधी अठ्ठावीस माणूस-तास लागत होते, ते कागदावर साडेसहावर आले. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात, कारण दोन ट्रॉल्या एका गल्लीत आल्या की एकीला थांबावं लागतं. तरी फरक डोळ्यांना दिसण्यासारखा.

या ढिगाची गंमत अशी की यात माल वेगळा करायचं कामच उरत नाही. सगळे नग एका मोठ्या क्रेटमध्ये सरमिसळ येऊ द्या. पॅकर हाताला येईल तो नग स्कॅन करतो, सिस्टीम त्या नगाची कुठलीही एक वाट पाहणारी ऑर्डर उचलते आणि लेबल छापते. दहा जणांनी तोच पोछा मागवला असेल तर कुठला पोछा कोणाला गेला याने काहीच बिघडत नाही.

बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. पिकरने सोळा नंबरच्या लिपस्टिकऐवजी सतरा नंबरची काढली आणि बिनवरचाच कोड स्कॅन करून पुढे गेला, तर एकेक ऑर्डरीच्या पद्धतीत ती चुकीची वस्तू सरळ गिऱ्हाइकाच्या घरी जायची. बॅचमध्ये ती टेबलावर पकडली जाते, कारण सतरा नंबरला ऑर्डरच नसते आणि लेबल निघत नाही. बॅच संपताना क्रेटच्या तळाशी एक नग उरतो आणि स्क्रीनवर एक ऑर्डर उघडी राहते. ही जोडी दिसली की समजायचं, अदलाबदल झाली आहे. हा उरलेला माल आम्ही वेगळ्या ट्रेमध्ये टाकून रोज तपासायला लागलो, तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त भानगड लिपस्टिकच्या शेडची आणि एकाच शाम्पूच्या दोन मापांची आहे. उपाय साधा होता. सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारच्या बिनमध्ये ठेवायच्या नाहीत, मध्ये भलतंच काहीतरी घालायचं. शाम्पूच्या दोन मापांमध्ये आता कंगवे असतात. रॅक बघायला विचित्र दिसते, पण हात अडखळतो आणि डोळा लेबलावर जातो. शिवाय बिनऐवजी नगाचाच बारकोड स्कॅन केल्याशिवाय गन पुढे सरकणार नाही, अशी सोय करून घेतली.

अनेक नगांच्या ऑर्डरींना हे इतकं सोपं नाही. एकेकीने काढलं तर तीन नगांच्या ऑर्डरीला साडेतीन ते पावणेचार मिनिटं जायची. बॅच करावी तर बारा ऑर्डरींचे छत्तीस नग एका क्रेटमध्ये घेऊन कोणता कोणाचा हे कुणीतरी ठरवायला हवं. ते कधी ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे.

एक तऱ्हा म्हणजे काढतानाच वेगळं करायचं. ट्रॉलीवर बारा छोटे क्रेट, प्रत्येकाला बारकोड, एक क्रेट म्हणजे एक ऑर्डर. गन नग सांगते आणि क्रेटचा नंबरही सांगते. नग स्कॅन, मग क्रेट स्कॅन. या दुसऱ्या स्कॅनला पाचेक सेकंद जास्त जातात. क्रेट लावण्यात तीन मिनिटं. अशी फेरी एकवीस-बावीस मिनिटांची, म्हणजे ऑर्डरीला पावणेदोन मिनिटं. एका नगाच्या ढिगात काम चौपटीने सुटलं होतं, इथे जेमतेम दुपटीने. चालणं तर तितकंच वाचलं. वाचलेल्या वेळेतला बराचसा क्रेट लावणं आणि क्रेट स्कॅन करणं यांनी परत घेतला.

दुसरी तऱ्हा, आधी सगळं गोळा करून आणायचं आणि मग भिंतीवर वाटायचं. भिंत म्हणजे कप्प्यांची मोठी रॅक. एका बाजूने एक जण नग स्कॅन करून स्क्रीन सांगेल त्या कप्प्यात टाकतो, दुसऱ्या बाजूने पॅकर भरलेला कप्पा उचलतो. तीस ऑर्डरींचे नव्वद नग आणायला अर्धा तास आणि वाटायला नगामागे आठ सेकंद धरून बारा मिनिटं. हिशेबाने ऑर्डरीला दीड मिनिटापेक्षा कमी, म्हणजे क्रेटच्या ट्रॉलीपेक्षा सरस. आमच्या मॅनेजरसाहेबांना ती भिंत फार आवडली होती.

मला नाही आवडली, आणि त्याचं कारण या आकड्यांत दिसत नाही. ट्रॉलीवर एखादा नग बिनमध्ये सापडला नाही तर एका ऑर्डरीचा क्रेट बाजूला काढला की उरलेल्या अकरा पुढे जातात. भिंतीवर मात्र तिसांचे तीस कप्पे अर्धवट असतात आणि शेवटचे काही नग येईपर्यंत फारच थोडे पूर्ण होतात. पॅकर उभे राहतात. मग एकदम वीस कप्पे भरतात आणि पॅकर पुरे पडत नाहीत. भिंतीला एक कायमचा माणूसही लागतो, काम असो वा नसो. आमच्या आकाराच्या गोदामाला बारा क्रेटची ट्रॉली बरी. दिवसाला अनेक नगांच्या दीड-दोन हजार ऑर्डरी असत्या तर मी भिंतच मागितली असती.

या सगळ्यात एक गोष्ट मनात पक्की झाली. चालणं वाचतं ते फुकट वाचत नाही. ते माल वाटण्याच्या कामात जाऊन बसतं. पद्धत निवडायची म्हणजे ते काम कुठे बसवायचं, कोणाच्या हातात द्यायचं आणि ते मुळात लागणारच नाही अशा ऑर्डरी किती आहेत, हे बघायचं.

झोनकडे आम्ही हौसेने गेलो नाही. माल वाढला, शेडमध्येच मेझनाइनचा वरचा मजला चढवला, आणि सौंदर्यप्रसाधनं वर, बादल्या-पोछे-डबे खाली अशी वाटणी झाली. ट्रॉली घेऊन जिना चढता येत नाही, म्हणून वरची माणसं वर, खालची खाली. झोन असे आपोआप पडले. त्याचे फायदे खरे आहेत. माणूस एकाच भागात राहिला की त्याला बिनचे कोड पाठ होतात. स्क्रीनवर `B-07-3` आलं की वरच्या मुली कोड पूर्ण वाचायच्या आत हात पुढे करतात. गल्लीत गर्दी होत नाही. साठ्यातली तफावत कोणाच्या भागात आहे तेही लगेच कळतं.

ऑर्डर दोन झोनांत पसरली की दुखणं सुरू होतं. गिऱ्हाइकाने शाम्पूबरोबर बादली मागवली. वरचा क्रेट दहा मिनिटांत तयार होऊन खाली येतो. खाली फिनेलची गर्दी चालू आहे, बादली पाऊण तासाने येते. तोवर शाम्पूचा क्रेट रॅकवर पडून. त्या रॅकला आम्ही नुसतं ‘मर्ज’ म्हणतो. अनेक नगांच्या पाच ऑर्डरींतल्या दोन अशा पसरलेल्या असायच्या, आणि अशी प्रत्येक ऑर्डर मंद झोनच्या वेगाने चालते. वरच्यांनी कितीही घाई केली तरी उपयोग शून्य.

झोन बिघडलाय हे ओळखायला रिपोर्ट लागत नाही. मर्जची रॅक भरलेली आणि समोर पॅकर रिकामे उभे, हे चित्र दिसलं की दोन झोनांचं काम जुळत नाहीये. मग रॅकवरचे क्रेट बघायचे. सगळे वरूनच आलेले असतील तर खालचा झोन मागे आहे. माणसं खाली पाठवायची. पण हा तात्पुरता इलाज.

कायमचा इलाज माल हलवण्यात सापडला. कोणत्या वस्तू एकत्र मागवल्या जातात याची यादी काढली. हातधुण्याचं लिक्विड प्रसाधन म्हणून वर ठेवलं होतं, पण लोक ते फिनेल आणि भांड्यांच्या साबणाबरोबर मागवतात. ते खाली आणलं. कापसाचे बोळे खाली होते, ते वर नेले, कारण त्यांची सोबत नेलपेंट काढायच्या द्रावणाशी. अशा थोड्याच वस्तू हलवल्या, आणि दोन्हीकडे पसरणाऱ्या ऑर्डरी पाचातल्या दोनवरून पाचातल्या एकीच्या आसपास आल्या. झोनची रेषा मालाच्या जातीवरून आखू नये, गिऱ्हाइकाच्या टोपलीवरून आखावी, असं मी तेव्हापासून म्हणते. पण साठा खात्यावाल्यांना हे अजून पटत नाही. त्यांच्या यादीत हातधुण्याचं लिक्विड अजूनही प्रसाधनातच आहे.

झोनमध्ये क्रेट एका झोनमधून दुसऱ्यात फिरवत भरायची पद्धतही आहे. त्यात मर्जची गरज राहत नाही. पण आमच्याकडे मजल्यांमध्ये माल वाहून नेणारा पट्टा नाही, क्रेट हाताने उतरवावा लागतो. म्हणून ती वाट मी सोडली.

राहिलं वेव्ह. मला ही चौथी पद्धत वाटतच नाही. पहिल्या तिन्ही पद्धती माल कसा काढायचा ते सांगतात. वेव्ह सांगते की कोणत्या ऑर्डरी कधी सोडायच्या. वेव्हमध्ये आतून बॅच असू शकते, झोन असू शकतो, दोन्ही असू शकतात.

आमच्याकडे ती कुरिअरच्या गाड्यांमुळे आली. पाचची गाडी पाचला निघते, आपली वाट बघत नाही. तोवर आम्ही ऑर्डरी आल्या तशा सोडायचो. त्यामुळे पाचच्या गाडीच्या आणि रात्री आठच्या गाडीच्या ऑर्डरी एकाच ट्रॉलीत यायच्या, आणि पावणेपाचला आम्ही नको त्या ऑर्डरी मन लावून पॅक करत असायचो.

हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. समजा पाचच्या गाडीला तीनशे ऑर्डरी द्यायच्या आहेत. गोण्या भरणं, स्कॅन करून कुरिअरच्या माणसाच्या ताब्यात देणं याला अर्धा तास. म्हणजे पॅकिंग साडेचारला संपायला हवं. सहा टेबलं, एकेकावर तासाला पस्तीस ऑर्डरी, मिळून दोनशे दहा. तीनशेला दीड तासाच्या जरा आत. म्हणजे पॅकिंग तीनच्या सुमारास सुरू व्हायला हवं. पहिली ट्रॉली टेबलाशी यायला वीस मिनिटं, म्हणून वेव्ह पावणेतीनच्या आत सोडायची. आता माणसं किती? तीनशेत दोनशे दहा एका नगाच्या आणि नव्वद अनेक नगांच्या. पहिल्यांना दीड-पावणेदोन माणूस-तास, दुसऱ्यांना पावणेतीन. मिळून साडेचारच्या आत. दीड तासात हे तिघांत जेमतेम बसतं, म्हणून मी चार जण लावते. चौथा त्या न सापडणाऱ्या बिनसाठी.

वेव्हचा खरा त्रास तिच्या शेपटात आहे. तीनशेतल्या दोनशे ऐंशी झटपट होतात. उरलेल्या वीस कुठे दुसऱ्या बिनमध्ये शोधायच्या, कुठे साठाच कमी, कुठे बाटली फुटलेली. सिस्टीम मात्र वेव्ह पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडत नव्हती. चार पिकर ट्रॉलीला टेकून उभे आणि एक जण बिन उपसतोय, असा दहा-पंधरा मिनिटांचा खळगा प्रत्येक वेव्हच्या शेवटी पडायचा. टेबलांवर त्याचंच उलटं: सुरुवातीला रिकामी, मध्ये ढीग, शेवटी पुन्हा रिकामी. म्हणून दोन नियम केले. एखादा नग पहिल्या बिनमध्ये नाही आणि राखीव जागेतही नाही, तर ती ऑर्डर ताबडतोब वेव्हमधून बाहेर काढायची आणि शोध वेगळ्या माणसाने घ्यायचा. आणि वेव्हच्या पाचातल्या चार ऑर्डरी ट्रॉलीवर चढल्या की पुढची सोडायची, मागचीचं शेपूट संपो न संपो. सॉफ्टवेअरवाल्यांनी दुसऱ्या नियमाला बरीच खळखळ केली, शेवटी सेटिंग सापडलं.

बाहेर काढलेल्या त्या ऑर्डरी आम्ही कशा काढतो? एकेक करून, पहिल्याच पद्धतीने, छापील लिस्ट हातात घेऊन. महागडे मिक्सर, मोठाल्या पेट्या, तक्रारीनंतर पुन्हा पाठवायचा माल, हे सगळंही तसंच निघतं. बॅचमध्ये घालून त्यात काही वाचत नाही. मिक्सरने अर्धी ट्रॉली अडते.

म्हणजे आज चारही पद्धती एकाच छताखाली चालतात. सेल लागला की प्रमाणं बदलतात. एकाच वस्तूवर सूट असेल तर एका नगाच्या ऑर्डरी दहातल्या नऊ होतात. मग त्या वस्तूची अख्खी पॅलेट टेबलाशेजारी आणून ठेवते आणि पिकिंगच बंद करते. ‘तीन घ्या’ छाप योजना असेल तर उलट, ट्रॉलीवर बाराऐवजी आठ मोठे क्रेट लावावे लागतात, नाहीतर डबे मावत नाहीत. योजना काय येणार हे मार्केटिंगवाल्यांनी आदल्या आठवड्यात सांगावं, एवढंच मी मागते. बहुतेक वेळा आम्हाला ते ऑर्डरींवरूनच कळतं.